आधी लघवी, मग डोळे

डोळे पिवळे झाले की घरात धावपळ सुरू होते. पण त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून लघवी गडद होत असते आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. ताप आहे, पाणी कमी प्यायलं गेलंय, अंगात उष्णता झाली असेल, असं म्हणून माणूस ते मागे टाकतो. मी बरीच वर्षं यकृताच्या रुग्णांमध्ये काम करतो आहे. कावीळ घेऊन आलेल्या माणसाला मी डोळ्यांबद्दल नंतर विचारतो. आधी विचारतो, लघवी गडद कधीपासून होतेय? बहुतेक जण या प्रश्नावर थोडे थबकतात, मनात मागे मोजत जातात आणि जो दिवस सांगतात तो डोळे पिवळे दिसल्याच्या आधीचा निघतो. मला तो दिवस हवा असतो, कारण आजार किती पुढे आला आहे याचा हिशेब मी तिथून धरतो.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण एकदा ते समजलं की पुढच्या सगळ्या खुणा आपोआप उलगडतात.

रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडते तेव्हा तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून आधी बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं आणि त्यापासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य. मुका मार लागला की काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळट होतो, तो याच क्रमानं. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. सुरुवातीला ते पाण्यात विरघळत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून ते यकृतापर्यंत पोचतं. यकृतातल्या पेशी त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतात आणि त्यानंतर ते विरघळणारं होतं. मग पित्ताबरोबर आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात, आणि शौचाला जो तपकिरी रंग असतो तो त्यातून येतो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'इनडायरेक्ट' आणि 'डायरेक्ट' अशा दोन ओळी असतात. इनडायरेक्ट म्हणजे यकृतात जाण्याआधीचं बिलिरुबिन आणि डायरेक्ट म्हणजे यकृतातून गेलेलं, विरघळणारं. मूत्रपिंडातून फक्त हे दुसरं बाहेर पडू शकतं. निरोगी माणसाच्या लघवीत बिलिरुबिन नसतंच म्हटलं तरी चालेल. ते लघवीत येतंय म्हणजे यकृतानं ते विरघळणारं करून दिलं, पण ते पित्तात न जाता उलटं रक्तात परतलं. एक तर यकृताच्या पेशी सुजल्या आहेत किंवा पुढे पित्ताच्या नळीत अडथळा आहे. एका लघवीच्या रंगावरून एवढं कळतं.

आता डोळ्यांचं बघा. रक्तात दर डेसिलिटरमागे एकूण बिलिरुबिन १.२ मिलिग्रॅमपर्यंत असणं साधारण ठीक समजतात. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसायला ते अडीच-तीनच्या आसपास जावं लागतं, आणि तेही बघणाऱ्याची नजर तयार असेल आणि उजेड चांगला असेल तर. डायरेक्ट बिलिरुबिन मात्र जरासं वाढलं तरी लघवीत उतरू लागतं. म्हणून लघवी आधी आणि डोळे नंतर.

बघायची पद्धतही सांगायला हवी. डोळे दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ उभं करून बघावेत. पिवळसर दिव्याखाली कावीळ हमखास सुटते. माणसाला खाली बघायला सांगून वरची पापणी हळूच उचलायची आणि झाकलेला पांढरा भाग बघायचा. कोपऱ्यातला पिवळट मेदाचा ठिपका किंवा उन्हानं आलेला मळकट तपकिरी रंग तिथपर्यंत पोचत नाही, कावीळ मात्र तिथेही सारखी पसरलेली असते. तळहात पिवळे आणि डोळे पांढरेशुभ्र असतील तर ती बहुधा कावीळ नसते. कॅरोटीन जास्त पोटात गेलं की असं होतं.

लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. पाणी कमी प्यायल्यानंही लघवी गडद होते, हे खरं. फरक असा की पोटभर पाणी प्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा फिकी होते. बिलिरुबिनची लघवी पाणी पिऊन थोडी पातळ झाली तरी तिचा तपकिरी-पिवळा रंग हटत नाही. पारदर्शक बाटलीत घेऊन हलवली तर वर येणारा फेससुद्धा पिवळा दिसतो, एरवी तो पांढरा असतो. ही फार जुनी तपासणी आहे आणि मला ती आजही उपयोगी वाटते, पण तिच्यावर निर्णय सोडू नये. लघवीच्या पट्टीवर बिलिरुबिनचा चौकोन असतो, तो दोन मिनिटांत उत्तर देतो. नमुना ताजा हवा. उजेडात पडून राहिलेल्या लघवीतलं बिलिरुबिन मोडतं आणि पट्टी खोटंच 'नाही' म्हणते. काही औषधांचाही रंग उतरतो. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन सुरू असलेल्या माणसाची लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण त्याच उपचारातली काही औषधं यकृताला इजा करू शकतात. त्यामुळे अशा माणसाला मळमळ सुरू झाली, भूक गेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर 'औषधाचा रंग असेल' म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

कावीळ आहे पण लघवीचा रंग नेहमीसारखा आहे, असंही असतं. तेव्हा वाढलेलं बिलिरुबिन इनडायरेक्ट असतं. कारण दोनपैकी एक: लाल पेशी नेहमीपेक्षा वेगानं फुटताहेत, किंवा गिल्बर्ट सिंड्रोम नावाची निरुपद्रवी आनुवंशिक ठेवण आहे. गिल्बर्टमध्ये उपास घडला, ताप आला, झोप बिघडली की बिलिरुबिन दोन-तीनपर्यंत जातं आणि पुन्हा खाली येतं. यकृताच्या बाकी तपासण्या अगदी स्वच्छ असतात. अशी तरुण मुलं वर्षानुवर्षं 'मला सारखी कावीळ होते' म्हणून पथ्यं पाळताना मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं वाईट वाटतं, कारण एका साध्या रिपोर्टातल्या दोन ओळी कुणी नीट वाचून दाखवल्या असत्या तर ते सगळं टळलं असतं.

पुढच्या नळीत अडथळा असेल तर चित्र वेगळं दिसतं. लघवी गडद होते आणि त्याच वेळी शौचाचा रंग उडतो, शौच मातकट-पांढुरकं होतं, कारण रंग देणारं द्रव्य आतड्यात पोचतच नाही. अंगाला खाज सुटते, कधी कधी रात्रभर झोप लागत नाही इतकी. पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल तर उजव्या बरगडीखाली कळा येतात. त्यात थंडी वाजून ताप भरला तर नळीत संसर्ग झाला असं समजायचं. कावीळ, कळा आणि थंडीताप ही तिन्ही एकत्र असणं किती गंभीर, हे शार्को या फ्रेंच वैद्यानं १८७७ सालीच लिहून ठेवलं आहे. अशा माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. प्रतिजैविकं तर लागतातच, पण नळी मोकळी केल्याशिवाय तो बरा होत नाही. उलट पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला काहीही न दुखता कावीळ झाली, वजन उतरत गेलं, तर स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ तर नाही ना, हे बघावंच लागतं. इथे दुखत नाही म्हणून लोक उशिरा येतात, याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. सोनोग्राफीत पित्ताच्या नळ्या फुगलेल्या आहेत की नाहीत एवढं जरी दिसलं तरी पुढची वाट ठरते.

आता ज्या एका आजारपणाबद्दल लिहायचं मनात होतं त्याकडे वळतो. माझा जुना मित्र. वय ३८, धडधाकट, आधीचा कुठलाच आजार नाही. पहिल्या दिवशी त्याला ताप आला, अंग मोडून आलं. त्यानं पॅरासिटामॉल घेतलं. तिसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली, स्वयंपाकाचा वास नकोसा झाला. तो सिगारेट ओढायचा, तीही त्याला नकोशी झाली. सिगारेटची अशी अचानक आलेली शिसारी हे यकृतदाहाचं जुनं ओळखीचं लक्षण आहे, आणि कुणी ते सहज बोलून गेलं तरी मी कान टवकारतो. पाचव्या दिवशी लघवी गडद झाली. सातव्या दिवशी ताप उतरला, त्याला जरा बरं वाटायला लागलं, आणि त्याच सकाळी वहिनींनी त्याचे डोळे पाहिले. त्यांनी फोन केला. "भाऊजी, ताप गेलाय, जेवावंसं वाटतंय म्हणतात, पण डोळे हळदीसारखे झालेत. आता बरं होतंय की वाढतंय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. विषाणूच्या यकृतदाहात पुष्कळदा असंच होतं. ताप उतरतो तेव्हा पिवळेपणा वर येतो आणि माणसाला बरं वाटायला लागतं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच बरं होणं असतं. पण थोड्यांच्या बाबतीत नसतं, आणि कोण कुठल्या गटात आहे हे डोळ्यांकडे बघून सांगता येत नाही. मी वहिनींना तसंच सांगितलं आणि त्याला दुपारपर्यंत रक्त द्यायला घेऊन या म्हटलं.

पहिला रिपोर्ट असा होता. एकूण बिलिरुबिन ५.४, त्यातलं डायरेक्ट ३.९. एसजीपीटी २४६०, जे साधारण ४०च्या आत असायला हवं. अल्कलाइन फॉस्फेटेज थोडंसंच वाढलेलं. अल्ब्युमिन नेहमीसारखं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा आकडा, १.४; तो १च्या आसपास असायला हवा.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आतलं विकर आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडतं. हजारांमध्ये गेलेलं एसजीपीटी तीनच मोठ्या कारणांकडे बोट दाखवतं: विषाणू, औषध किंवा विष, आणि यकृताचा रक्तपुरवठा अचानक खालावणं. दारूमुळे होणाऱ्या यकृतदाहात ते सहसा इतकं चढत नाही. नळीत अडथळा असता तर अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त वाढलं असतं. सोनोग्राफीतही नळ्या फुगलेल्या नव्हत्या. म्हणजे आजार यकृताच्या पेशींत होता, आणि प्रश्न उरला तो 'कशानं' एवढाच.

औषधांची चौकशी मी बारकाईनं केली. किती गोळ्या, किती ताकदीच्या, सर्दीचं वेगळं औषध घेतलं का, ताकदीचं म्हणून काही चूर्ण-काढा-कॅप्सूल सुरू आहे का, आणि दारू. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं आणि ते मोजायचं राहून जातं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. पोटात अन्न नसलेल्या, उलट्या होणाऱ्या, यकृत सुजलेल्या माणसाला मी २ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत पहिल्या दिवशी फार काही जाणवतही नाही, पिवळेपणा दोन-चार दिवसांनी दिसतो, आणि त्यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, सगळ्यात चांगला काम करतो तो पहिल्या आठ तासांत. डोळे पिवळे होण्याची वाट बघणारा तिथे हमखास उशिरा पोचतो. मित्रानं दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या तीन-चार गोळ्यांच्या वर काही घेतलं नव्हतं. तेवढ्यानं एसजीपीटी इथवर जात नाही.

मग विषाणू. कावीळ म्हणजे एकच आजार असं समजून 'कावीळवरचं औषध' मागणारे पुष्कळ भेटतात. पण हिपॅटायटिसचे मुख्य विषाणू पाच, आणि त्यांचे मार्ग वेगळे. ए आणि ई दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. बी, सी आणि डी रक्तातून, त्यांतही बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. ए कधीच कायमचा राहत नाही. बी प्रौढ वयात झाला तर सुमारे ९५ टक्के लोक तो स्वतःच परतवतात. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला गेला तर मात्र दहांपैकी नऊ बाळांमध्ये तो ठाण मांडून बसतो. म्हणून गरोदर बाईची बीसाठीची एचबीएसएजी तपासणी आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस. सीमध्ये कावीळ फारशी दिसतच नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, आणि आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५हून जास्त लोक त्यातून पूर्ण मोकळे होतात. ई एरवी एसारखाच, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर पाचातल्या एखादीचा जीव जाऊ शकतो. त्या महिन्यांत गडद लघवी आणि मळमळ असलेल्या बाईला एक दिवसही घरी थांबवू नये.

मित्राचा हिपॅटायटिस ए निघाला. नुकताच झालेला संसर्ग दाखवणारी एची आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह, बीचा एचबीएसएजी निगेटिव्ह, कोअर आयजीएम निगेटिव्ह, सी आणि ई निगेटिव्ह.

"एवर औषध नाही ना, मग कुठला विषाणू हे कळून फायदा काय?" वहिनींनी विचारलं. औषध नाही हे खरं. पण घरात आणखी तिघं होती: वहिनी, चार वर्षांची मुलगी आणि मित्राचे वडील. हिपॅटायटिस एचा विषाणू शौचातून सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो कावीळ दिसण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत, आणि कावीळ दिसल्यावर साधारण आठवडाभर. म्हणजे डोळे पिवळे दिसले तेव्हा घरच्यांचा संपर्क होऊन गेलेला होता. संपर्कानंतर १४ दिवसांच्या आत लस दिली तर आजार बऱ्याच अंशी टळतो. त्या १४ दिवसांतले काही आधीच सरले होते आणि नाव कळल्याशिवाय लस कुठली द्यायची हे ठरत नाही. वहिनींना त्याच संध्याकाळी लस दिली. वडिलांचं वय जास्त होतं, आणि उतारवयात ए हा आजार फार जड जातो, म्हणून त्यांचं रक्त आधी तपासलं. त्यांच्या शरीरात एविरुद्धची जुनी प्रतिपिंडं होती, कधीतरी लहानपणी तो होऊन गेलेला असणार. त्यांना लसीची गरज पडली नाही.

मुलीचं रक्त तपासलं तेव्हा तिची आयजीएम पॉझिटिव्ह आली. तीन-चार आठवड्यांपूर्वी तिला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले होते, एवढंच आईला आठवत होतं. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हिपॅटायटिस ए झाला तरी कावीळ दिसत नाही. हा विषाणू शरीरात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस घेतो, सरासरी २८. हिशेब जुळत होता. बाप आजारी पडला तो बहुधा लेकीच्या आजारपणात तिची शी-शू काढताना. वहिनींना हे सांगताना मी जपून बोललो. कुणाला दोष द्यायचा यात प्रश्नच नव्हता, पण साबणानं आणि वाहत्या पाण्यानं हात धुण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगणं भाग होतं. हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाला हा विषाणू तितकासा दाद देत नाही.

नवव्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. पहिल्या रिपोर्टातला आयएनआर १.४ मला खटकत होता, म्हणून दोन दिवसांनी परत या असं आधीच बजावून ठेवलं होतं. रिपोर्ट आधी वहिनींच्या फोनवर आला. "भाऊजी, एसजीपीटी अडीच हजारांवरून तेराशेवर आलंय!" आवाजात आनंद मावत नव्हता. मी खालची ओळ वाचायला सांगितली. बिलिरुबिन ११.२ आणि आयएनआर १.९.

एसजीपीटी उतरलं म्हणजे आजार उतरला, हा समज सगळीकडे आहे. जखमी पेशींतून सांडणारं विकर ते. पेशी सावरल्या तरी सांडणं कमी होतं, आणि सांडायला पेशीच उरल्या नाहीत तरीही कमी होतं. दोन्हीकडे आकडा खालीच येतो. त्यातली कुठली गोष्ट घडतेय हे आयएनआर सांगतो. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतात तयार होतात. त्यातला सातवा घटक तर रक्तात जेमतेम चार ते सहा तासांत निम्मा होतो. यकृतानं तो बनवणं कमी केलं की एका दिवसात आयएनआर चढू लागतो. अल्ब्युमिनही यकृतातच बनतं, पण ते सुमारे २० दिवस टिकतं, म्हणून या घाईच्या दिवसांत ते काहीच सांगत नाही. मित्राचं अल्ब्युमिन अजूनही उत्तम होतं. कावीळ झालेल्या माणसाच्या फाइलमध्ये मी आधी आयएनआर शोधतो. बऱ्याचदा ती तपासणी केलेलीच नसते. यकृताच्या नेहमीच्या तपासण्यांच्या संचात ती येत नाही, 'पीटी-आयएनआर' म्हणून वेगळी लिहावी लागते.

मी दुसरा प्रश्न विचारला, रात्री झोपतो का? वहिनी म्हणाल्या, दिवसभर झोपूनच असतात, थकवा असेल, आणि रात्री मात्र टक्क जागे, काल तर माझ्यावर उगाचच चिडले. मी त्यांना लगेच निघायला सांगितलं. झोपेची अशी उलटापालट ही मेंदूपर्यंत यकृताचा आजार पोचत असल्याची पहिली खूण असू शकते. त्यानंतर बोलण्यात गोंधळ, अक्षर बिघडणं, हात पुढे करून पंजे ताठ धरले की ते फडफडणं, आणि त्यापुढे बेशुद्धी. आधी यकृताचा आजार नसलेल्या माणसाचा आयएनआर १.५च्या वर गेला आणि मेंदूवर थोडा जरी परिणाम दिसला, तर त्याला तीव्र यकृत निकामी होणं म्हणतात. तो माणूस अतिदक्षता विभाग आणि यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हवा. तब्येत इथून बिघडली तर तासांत बिघडते आणि मग त्याला हलवणंही धोक्याचं होतं, म्हणून चालता-बोलता असतानाच न्यायचं. आणि अशा माणसाला झोपेची गोळी अजिबात द्यायची नाही. मेंदू सुस्तावतोय तो आजारानं की गोळीनं, हे मग कुणालाच कळत नाही.

तिथे त्याला व्हिटॅमिन के शिरेतून दिलं. पित्त अडल्यामुळे किंवा खाणं सुटल्यामुळे व्हिटॅमिन के कमी पडून आयएनआर वाढला असेल तर एका दिवसात तो खाली येतो. आला नाही. याचा अर्थ यकृतच कमी पडत होतं. पुढचे तीन दिवस दर बारा तासांनी आयएनआर, रक्तातली साखर वारंवार, कारण अशा यकृताला साखरही सांभाळता येत नाही, आणि दर काही तासांनी नर्स त्याला नाव, वार, जागा विचारायची, एक वाक्य लिहायला सांगायची. आयएनआर २.२पर्यंत गेला. तिथे दीड दिवस थांबला. मग १.९, १.६, १.३. प्रत्यारोपणाच्या चर्चेसाठी भावाला बोलावलं होतं, ती चर्चा करायची वेळ आली नाही. हिपॅटायटिस एमध्ये इथपर्यंत फार थोडे लोक पोचतात, आणि पोचलेल्यांतही स्वतःहून सावरणाऱ्यांचं प्रमाण इतर बऱ्याच कारणांपेक्षा चांगलं असतं. पण ते सावरणं घरी, पिवळ्या डोळ्यांकडे बघत, होऊ द्यायचं नसतं.

मोठ्या माणसांचं एवढं लिहिलं, तर नवजात बाळाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होते. पण जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी नसते. आणि १४ दिवसांनंतरही कावीळ असेल, बाळाची शी पांढुरकी असेल, लंगोटावर लघवीचा पिवळा डाग पडत असेल, तर त्याच दिवशी डायरेक्ट बिलिरुबिन तपासायला हवं. नवजात बाळाची लघवी पाण्यासारखी रंगहीन असते, ती डाग पाडत नाही. पित्तनलिका जन्मतः बंद असण्याचा एक आजार आहे, बिलिअरी अट्रेसिया. त्यावरची कसाई शस्त्रक्रिया, मोरिओ कसाई या जपानी सर्जनच्या नावाची, बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झाली तर यश मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. 'ऊन द्या, जाईल' असं म्हणत महिना निघून गेला तर ते दिवस परत मिळत नाहीत.

मित्र घरी आला तेव्हा आयएनआर १.१ होता, भूक चांगली होती आणि लघवी अगदी फिकी झाली होती. डोळे मात्र तसेच पिवळे. बिलिरुबिन अजून ७.६. येणारेजाणारे डोळे बघून "अजून आहेच की!" म्हणायचे आणि त्याच्या जिवाला घोर लागायचा. याचंही कारण आहे. कावीळ बरेच दिवस राहिली की डायरेक्ट बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला पक्का जोडला जातो. तो मूत्रपिंडातून निघू शकत नाही. अल्ब्युमिन जितके दिवस टिकतं तितके दिवस तोही रक्तात राहतो, आणि दोन-तीन आठवडे हळूहळू ओसरतो. म्हणून आजार येताना लघवी आधी गडद होते तशी जाताना ती आधी फिकी होते, आणि डोळे दोन्ही वेळा मागे राहतात. मी त्याला सांगितलं, लोक डोळे बघू देत, तू लघवी बघ. ती पुन्हा गडद झाली किंवा खाज सुटली तर फोन कर. हिपॅटायटिस एमध्ये काहींना महिन्या-दोन महिन्यांनी आजार थोडा उलटतो, तोही बहुतेकदा आपला आपण जातो.

पथ्याबद्दल वहिनींनी लांबलचक यादी करून ठेवली होती. त्यातली बरीचशी मी खोडली. तेल-तूप पूर्ण बंद करून यकृत लवकर बरं होत नाही, फक्त माणूस खंगतो. मळमळ असताना स्निग्ध नको वाटतं तेव्हा ते नको, पुढे जे पचेल आणि रुचेल ते खावं. दारू पूर्ण बंद, आणि यकृतासाठी म्हणून कुणी सुचवलेलं कुठलंही औषध, काढा किंवा कॅप्सूल मला विचारल्याशिवाय नको.

सहा आठवड्यांनी तो तपासणीला आला. एसजीपीटी ३४, बिलिरुबिन १.३, आयएनआर १. हिपॅटायटिस ए त्याला आता आयुष्यात पुन्हा होणार नाही. बीविरुद्ध मात्र त्याच्या शरीरात काहीच नव्हतं. त्याच दिवशी त्याला बीच्या लसीचा पहिला डोस दिला आणि एक आणि सहा महिन्यांनंतरच्या पुढच्या दोन डोसांच्या तारखा फाइलवर लिहून दिल्या.